आकृती गायब, हाती फक्त ‘बॅटरी १२ व्होल्ट’: सिरीज-पॅरललचं गणित तरी कसं सोडवायचं

गणेशचवथीच्या आधीच्या आठवड्यात रात्री साडेनऊला केरीहून एका विद्यार्थिनीचा मेसेज आला. केरी म्हणजे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, चोर्ला घाटाखालची, पेडण्याची नव्हे. पाऊस लागला की तिथलं नेटवर्क रामभरोसे. फोटोच्या जागी गोल चक्र फिरत राहिलं आणि त्याखाली तिने टाइप केलेला मजकूर तेवढा माझ्यापर्यंत पोचला:

“आकृतीतल्या सर्किटला १२ व्होल्टची बॅटरी जोडली आहे. (अ) एकूण रेझिस्टन्स काढा. (ब) बॅटरीतून निघणारा एकूण करंट काढा. (क) R1 वरचं व्होल्टेज काढा. (ड) R3 मधून जाणारा करंट काढा.”

पाठोपाठ प्रश्न, “सर, फोटो पावलो?”

पावला नव्हता. रेझिस्टर किती ओहमचे ते आकृतीत, जोडणी कशी तेही आकृतीत. टाइप झालेला आकडा एकच, १२. गेली कित्येक वर्षं डिचोलीला ट्यूशन घेताना असले अर्धवट प्रश्न मी इतके पाहिले आहेत, की आता त्यांच्यासाठी माझी एक ठरलेली वाट झाली आहे. तीच इथे याच गणितावर चालवून दाखवतो. (आमच्याकडची मुलं पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात, म्हणून मी सिरीज, पॅरलल, करंट असंच लिहिणार आहे. मराठी पुस्तकातले एकसर, समांतर आणि विद्युतधारा हे तेच.)

आधी बघायचं, १२ व्होल्ट एकटे काय सांगतात

करंटबद्दल ते काहीही सांगत नाहीत, हे मनाशी पक्कं करायचं. बारा व्होल्टला एकूण रेझिस्टन्स १२ ओहम असेल तर करंट १ अँपिअर, आणि १२ किलोओहम असेल तर १ मिलिअँपिअर. ओहमच्या नियमात तीन राशी आहेत. त्यातली एकच दिली असेल तर उरलेल्या दोन कुठल्याही असू शकतात. त्यामुळे “१२ व्होल्ट आहेत, तर उत्तर बहुतेक २ अँपिअर येईल” असं जो म्हणतो, त्याने आधी पाहिलेलं दुसरंच एखादं गणित आठवून उत्तर दिलेलं असतं.

पण हाती अगदीच काही नाही असंही नाही. बॅटरीच्या अधिक टोकापासून उणे टोकापर्यंत कुठल्याही वाटेने गेलं, तरी वाटेतल्या रेझिस्टरांवरच्या व्होल्टेजची बेरीज १२ च भरते. बॅटरी एकच असेल तर कुठल्याही रेझिस्टरवर १२ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज येऊ शकत नाही. एखाद्याच्या वहीत “R2 वर १५ व्होल्ट” दिसलं, तर आकृती न बघताही ते चूक आहे असं खुशाल सांगावं.

एक बारीक गोष्ट. दहावीच्या गणितात बॅटरीचा स्वतःचा, आतला रेझिस्टन्स धरत नाहीत, त्यामुळे १२ म्हणजे सर्किटला मिळणारे पुरते १२. बारावीच्या प्रश्नात “ई.एम.एफ. १२ व्होल्ट, इंटर्नल रेझिस्टन्स १ ओहम” असं काही लिहिलेलं असेल, तर तो १ ओहम बॅटरीला सिरीजमध्ये जोडलेला आणखी एक रेझिस्टर समजून पुढे जायचं.

पोटप्रश्नांत आकृतीची सावली असते

आता तिचा मजकूर पुन्हा वाचू. त्यात R1 आहे आणि R3 आहे, तेव्हा R2 ही असणारच. R4 असेल का? असू शकतो, पण चार पोटप्रश्नांत त्याचं नाव नाही, म्हणून तूर्त तीन धरू.

तीन रेझिस्टर एका बॅटरीला सिरीज आणि पॅरललने जोडायच्या रीती एकूण आठ आहेत. तिन्ही सिरीज, ही एक. तिन्ही पॅरलल, ही दुसरी. एक मुख्य वाटेवर आणि उरलेले दोन एकमेकांना पॅरलल, यात मुख्य वाटेवर कोण यावरून तीन. दोन सिरीजमध्ये आणि त्या जोडीला तिसरा पॅरलल, यात एकटा कोण यावरून आणखी तीन.

आता प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात शिरायचं. (ब) मध्ये एकूण करंट काढून झाल्यावर त्याने (ड) मध्ये R3 चा करंट वेगळा विचारला आहे. R3 मुख्य वाटेवर असता, तर त्याचा करंट म्हणजे एकूण करंटच, तोच आकडा त्याने दोनदा कशाला विचारला असता? म्हणजे R3 फाट्यावर आहे. तसंच (क) मध्ये R1 वरचं व्होल्टेज विचारलं आहे. R1 थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडलेला असता, तर उत्तर १२, जे प्रश्नातच छापलं आहे. म्हणजे R1 थेट बॅटरीवर नाही.

या दोन वाक्यांनी आठातल्या चार रीती कटतात. तिन्ही सिरीज गेली, तिन्ही पॅरलल गेली, R3 मुख्य वाटेवर असलेली गेली आणि R1 एकटा फाट्यावर असलेली गेली. उरल्या या चार:

```
1)  R1 + (R2 || R3)
2)  R2 + (R1 || R3)
3)  R3 || (R1 + R2)
4)  R2 || (R1 + R3)
```

इथे `+` म्हणजे सिरीज आणि `||` म्हणजे पॅरलल.

ही अटकळ आहे, पुरावा नाही. मुलांना सिरीजमध्ये करंट सगळीकडे सारखाच असतो हे कळलंय का ते तपासायला काही मास्तर मुद्दाम तेच विचारतात. मीही विचारतो. म्हणून अटकळीचा उपयोग पुढे नेमकं काय विचारायचं ते ठरवण्यापुरता. तिच्यावर उत्तर काढून मोकळं व्हायचं नाही.

फोनवरून आकृती मागवायची ती अशी

मी तिला फोन लावला. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ते विचारतात, “आकृती कशी दिसते?” आणि पोर सांगते, “वर दोन आहेत, खाली एक.”

या पाच शब्दांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलाने असंच सांगितलं, वर ४ आणि ६ ओहम, खाली १२ ओहम. मी समजलो, वरच्या फांदीत दोन सिरीजमध्ये, खालच्या फांदीत एक, आणि दोन्ही फांद्या पॅरलल. म्हणजे १० ला १२ पॅरलल, बारा व्होल्टला एका फांदीतून १.२ आणि दुसरीतून १, मिळून २.२ अँपिअर. दुसऱ्या दिवशी आकृती पाहिली तर बॅटरी डाव्या बाजूला, चौकोनाच्या वरच्या भुजेवर दोन रेझिस्टर, खालच्या भुजेवर एक, आणि फाटा कुठेच नाही. तिन्ही सिरीज, २२ ओहम, जेमतेम ०.५५ अँपिअर. कागदावर एकमेकांच्या वरखाली काढलेले रेझिस्टर पॅरलल असतातच असं नाही. शेजारी काढलेले सिरीज असतातच असंही नाही.

म्हणून आता मी दिसण्याबद्दल विचारतच नाही. बोट चालवायला सांगतो.

“बॅटरीची लांब रेघ आहे ना, त्या बाजूच्या तारेवर बोट ठेव. त्या तारेला नाव दे A. आता तारेवरून पुढे सरक. रेझिस्टर लागायच्या आधी फाटा लागतो?”

“ना, सर. सरळ R1 च. चार ओहम.”

“R1 ओलांड. पलीकडच्या तारेचं नाव B. आता?”

“ठिपका आहे. तिथून दोन तारा फुटतात.”

“ठिपक्याने नाव बदलत नाही, दोन्ही तारा B च. एकीवर काय आहे?”

“R2, सहा. दुसरीवर R3, बारा. मग दोन्ही परत एक होतात आणि बॅटरीकडे जातात.”

“त्या परतीच्या तारेचं नाव C.”

यात नियम एकच, पण तो काटेकोर पाळायचा: रेझिस्टर किंवा बॅटरी ओलांडल्याशिवाय अक्षर बदलायचं नाही. तार कितीही लांब असो, कोपऱ्यात वळो, तिला चार फाटे फुटोत, मध्ये काही नसेल तर ती एकच तार आणि तिचं अक्षरही एकच. अँमीटर म्हणजे साधी तार समजायची, त्याने अक्षर बदलत नाही. व्होल्टमीटर मात्र आकृतीतून पुसूनच टाकायचा, कारण आदर्श व्होल्टमीटरमधून करंट जात नाही. चावी बंद असेल तर ती तार, उघडी असेल तर तुटलेली तार.

दोन मिनिटांत माझ्या कागदावर एवढं आलं:

```
BAT  A  C  12
R1   A  B  4
R2   B  C  6
R3   B  C  12
```

आकृती काय आहे ती सगळी या चार ओळींत आली, आणि ती साध्या मेसेजमधूनही पाठवता येते, नेटवर्क कितीही मरतुकडं असलं तरी. ही युक्ती काही माझी नव्हे. १९७३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पाइस हा सर्किट सोडवणारा प्रोग्राम आला, तो सर्किट असंच वाचतो: घटकाचं नाव, त्याच्या दोन टोकांची नावं, किंमत. चित्र त्याला लागतच नाही.

अक्षरांवरून सिरीज-पॅरलल ओळखणं

यादी हातात आली की डोळे मिटूनही जोडणी सांगता येते. दोन रेझिस्टरांपुढे अक्षरांची जोडी तीच असेल, तर ते पॅरलल. R2 आणि R3 दोघांपुढे B आणि C आहे, म्हणून पॅरलल. सिरीजची कसोटी जरा कडक आहे: दोन रेझिस्टरांना जोडणारं अक्षर यादीत फक्त त्या दोघांपुढेच असायला हवं, तिसरं कोणी त्या अक्षराला चिकटलेलं नको. R1 आणि R2 मध्ये B सामाईक आहे, पण B ला R3 ही चिकटलाय, तेव्हा R1 आणि R2 सिरीजमध्ये नाहीत. “एकापुढे एक आहेत म्हणजे सिरीज” म्हणून मुलं ४ आणि ६ ची बेरीज करून १० मांडतात. दहावीच्या वह्यांत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

पॅरलल जोडीच्या जागी एकच ओळ लिहायची. ६ आणि १२ यांचा गुणाकार ७२, बेरीज १८, भागाकार ४. यादी आता लहान झाली: R1, A ते B, ४ ओहम, आणि नवा रेझिस्टर, B ते C, ४ ओहम. आता B ला दोघेच चिकटले आहेत, म्हणजे सिरीज. एकूण ८ ओहम. हे (अ) चं उत्तर.

(ब) १२ भागिले ८, म्हणजे १.५ अँपिअर. (क) हा सगळा करंट R1 मधूनच जातो, म्हणून त्यावर १.५ गुणिले ४, म्हणजे ६ व्होल्ट. उरलेले ६ व्होल्ट B आणि C मध्ये. (ड) R3 वर ते ६ व्होल्ट, रेझिस्टन्स १२, म्हणून करंट ०.५ अँपिअर. R2 मधून १ अँपिअर. दोघांची बेरीज १.५, जुळलं.

करंटची बेरीज जुळली म्हणून थांबू नये, कारण चुकीच्या रेझिस्टन्सवरही ती जुळू शकते. मी वॉटचा हिशेब घालतो. बॅटरी देते १२ गुणिले १.५, म्हणजे १८ वॉट. R1 खातो ६ गुणिले १.५, म्हणजे ९. R2 खातो ६. R3 खातो ३. बेरीज १८. जमाखर्च बसला की मगच पेन खाली.

फोन लागलाच नाही तर: पाठीमागच्या उत्तरांवरून उलटं जाणं

समजा तो फोन लागला नसता आणि माझ्याकडे मजकुराबरोबर फक्त पुस्तकामागची उत्तरं असती: ८ ओहम, १.५ अँपिअर, ६ व्होल्ट, ०.५ अँपिअर. यावरून आकृती परत उभी करता येते का? पुष्कळ जण म्हणतील, चार उत्तरं आहेत, तीन रेझिस्टर आहेत, येईलच.

आधी मोजू या, माहिती खरोखर किती आहे. १२ व्होल्ट दिलेले असताना ८ ओहम आणि १.५ अँपिअर या दोन गोष्टी नव्हेत, एकीवरून दुसरी निघतेच. म्हणजे स्वतंत्र माहिती तीनच: ८, ६ आणि ०.५. अज्ञात रेझिस्टन्सही तीन. जोडणी कळली असेल तर तेवढ्याने काम भागतं. पण जोडणीच ठाऊक नाही, आणि गोची तिथेच आहे.

मघाच्या चार रीती एकेक करून घेऊ. पहिली, R1 मुख्य वाटेवर: R1 वर ६ व्होल्ट आणि १.५ अँपिअर, म्हणून ४ ओहम. R3 वर उरलेले ६ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर, म्हणून १२. R2 मधून १ अँपिअर, म्हणून ६. ही आपली खरी आकृती.

दुसरी, R2 मुख्य वाटेवर: R1 आणि R3 पॅरलल, दोघांवर ६ व्होल्ट. R3 मधून ०.५, म्हणून १२ ओहम. R1 मधून १, म्हणून ६. R2 वर ६ व्होल्ट आणि १.५ अँपिअर, म्हणून ४. हीही बसली.

तिसरी, R3 एकटा थेट बॅटरीवर: त्यावर १२ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर, म्हणून २४ ओहम. दुसऱ्या फांदीतून १ अँपिअर, R1 वर ६ व्होल्ट म्हणून ६ ओहम, R2 सुद्धा ६. फांदी १२ ओहमची, तिला २४ पॅरलल, २८८ भागिले ३६, पुन्हा ८. हीही बसली!

चौथी, R2 एकटा थेट बॅटरीवर: R1 आणि R3 एकाच फांदीत, दोघांतून ०.५ अँपिअर, दोघांवर ६-६ व्होल्ट, दोघेही १२ ओहमचे. R2 मधून १ अँपिअर, १२ व्होल्ट, तोही १२ ओहम. २४ ला १२ पॅरलल, ८. हीसुद्धा!

```
     R1   R2   R3
1)    4    6   12
2)    6    4   12
3)    6    6   24
4)   12   12   12
```

चार वेगवेगळी सर्किटं, आणि (अ) पासून (ड) पर्यंत चारही उत्तरं अगदी तीच. उत्तरं जुळली म्हणजे आकृती बरोबर, हा हिशेब म्हणूनच फसवा. एखादा गाइडवाला किंवा वर्गातला हुशार मुलगा “मी आकृती ओळखली, बघ उत्तर येतंय” म्हणाला, तर त्याला हा तक्ता दाखवावा.

या तक्त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. आता एखादाच आकडा मिळाला तरी बस, आणि कुठला मागायचा तेही दिसतं. R3 विचारून फारसा लाभ नाही, तीन ओळींत तो १२ च आहे. R1 विचारावा. चार आला तर पहिली ओळ, बारा आला तर चौथी. सहा आला तरच आणखी R2 विचारायचा. नेटवर्क अधूनमधून येत असताना “आकृती परत पाठव” म्हणण्यापेक्षा “R1 किती?” एवढेच शब्द पाठवलेले बरे, ते जातात.

रेझिस्टरांचे आकडे कळले पण जोडणी नाही, असा उलटा प्रसंगही येतो. ४, ६ आणि १२ यांच्या आठही रीती १२ व्होल्टवर मांडून बघा, आठ वेगळे एकूण करंट येतात. सगळ्यात कमी तिन्ही सिरीजला, ०.५५ अँपिअर, सगळ्यात जास्त तिन्ही पॅरललला, ६ अँपिअर. त्यामुळे एकूण करंट दिला असेल तर जोडणी चक्क ओळखता येते, आणि दिलेलं उत्तर या दोन टोकांबाहेर असेल तर आकडा तरी चुकीचा उतरलाय किंवा चौथा रेझिस्टर कुठेतरी दडलाय. तीन रेझिस्टर सारखेच असतील तर मात्र आठांऐवजी चारच वेगळी उत्तरं येतात, कारण कोण कुठे आहे याने फरकच पडत नाही.

यादीत विचित्र ओळ आली तर

अक्षरांच्या पद्धतीत आकृतीतले छुपे सापळे आपोआप उघडे पडतात. एखाद्या रेझिस्टरपुढे दोन्ही अक्षरं एकच आली, `R4 B B`, तर त्याच्या दोन टोकांना कोणीतरी साधी तार जोडली आहे. तो शॉर्ट झाला, त्यातून करंट शून्य, ओळ खोडून टाका. एखादं अक्षर अख्ख्या यादीत एकदाच आलं, तर ती वाट पुढे बंद आहे. तो रेझिस्टरही खोडा. आकृतीकडे बघून हे दोन्ही सापळे चांगल्या चांगल्यांना दिसत नाहीत.

आणि कधी कधी कसोटी लावूनही कोणीच पॅरलल निघत नाही, कोणीच सिरीज निघत नाही. पाच रेझिस्टर, A-B, A-D, B-C, D-C आणि मध्ये B-D. हा ब्रिज. व्हीटस्टनच्या नावाने आपण तो शिकतो, पण १८३३ मध्ये तो आधी मांडला सॅम्युअल हंटर ख्रिस्टीने. व्हीटस्टनने तो दहा वर्षांनी लोकांपुढे आणला आणि श्रेय त्याने ख्रिस्टीलाच दिलं होतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. बॅटरी A आणि C वर असेल आणि A-B भागिले B-C हे A-D भागिले D-C इतकंच असेल, तर मधल्या B-D मधून करंट जात नाही. तो काढून टाकला की उरतात दोन साध्या फांद्या. नसेल, तर किर्चहॉफचे नियम लावावे लागतात.

टाइप करताना काय हरवतं

पीडीएफमधून प्रश्न कॉपी करून पाठवणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. जुन्या नोट्समध्ये ओहमचं चिन्ह बऱ्याचदा सिम्बॉल नावाच्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतं, आणि त्या फाँटात ते इंग्रजी `W` च्या कळीवर आहे. कॉपी करताना फाँट गळतो आणि `4 Ω` चं होतं `4 W`. मुलगा बिचारा पॉवर समजून सूत्र शोधत बसतो. आकड्यामागे `W` आला आणि समोर `R` असेल, तर ते ओहम समजा. बल्ब असेल, “12 V, 6 W” असं लिहिलेलं असेल, तर मात्र ते खरोखरचे वॉट. तिथे रेझिस्टन्स काढायचा तो व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागून: १४४ भागिले ६, म्हणजे २४ ओहम.

आणि पेपरातच आकृती छापायची राहिली तर

आमच्या एका चाचणीत झालं होतं तसं. आधी हात वर करून पर्यवेक्षकांना सांगायचं. तोवर, किंवा काहीच सोय झाली नाही तर, कोरी जागा सोडायची नाही आणि आकडे कल्पनेने भरायचेही नाहीत. “आकृती दिलेली नसल्याने R1 हा R2 आणि R3 यांच्या पॅरलल जोडीला सिरीजमध्ये आहे असे धरले आहे” असं स्पष्ट वाक्य लिहून स्वतःची आकृती काढायची, आणि उत्तर अक्षरांत द्यायचं:

```
R = R1 + R2*R3/(R2 + R3)
I = 12/R
V1 = I*R1
I3 = (12 - V1)/R3
```

यात १२ सोडून एकही आकडा नाही, म्हणजे जेवढं दिलंय तेवढंच वापरलंय. तपासणाऱ्याला रीत दिसते, आणि आकृती नंतर मिळाली तर आकडे घालायला अर्धं मिनिट पुरतं.

केरीचा फोटो माझ्या फोनवर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला उघडला, ती कदंबाच्या बसने साखळी गावाला पोचल्यावर. आकृतीत R3 तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात काढला होता, आणि त्याची तार R2 च्या तारेला ओलांडून गेली होती. ओलांडते तिथे ठिपका नव्हता. मी तो फोटो रात्री पाहिला असता तर बहुधा ब्रिज समजून कागद घेऊन बसलो असतो. तिने बोट चालवून दिलेल्या चार ओळींत ती ओलांडणारी तार कुठेच नव्हती.